शब्दचर्चा : ‘इन्व्हर्टेड इंडेक्स’ला मराठीत काय म्हणावं?

ऊसनोंद (पलूस, जि. सांगली)
साखर कारखान्याच्या शेतकी विभागासाठी सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहितेय. आत पोस्टग्रेस डेटाबेस आहे. चिटबॉय प्लॉटवर जाऊन जो शेरा लिहितो, त्यातला कुठलाही शब्द टाकून शोधता यावं म्हणून आमच्या प्रोग्रामरनं ‘इन्व्हर्टेड इंडेक्स’ केलाय. गटनंबर आणि लागण-तारखेवर मात्र नेहमीचा ‘बी-ट्री’ आहे. पहिल्याला ‘व्यस्त निर्देशांक’ लिहिलं, तर विभागातल्या एकालाही कळलं नाही. ‘उलट सूची’ लिहावं का? आणि उलट म्हणजे नेमकं कशाच्या उलट?

काटेवाला (कराड)
ताई, हे आम्ही वजनकाट्यावर वापरतो. ड्रायव्हर गाडीचे शेवटचे चार आकडे सांगतो, म्हणून नंबर उलटा करून साठवायचा. MH11AB4321 चा 1234BA11HM. मग शेवटून शोध लगेच लागतो. म्हणून तो उलटा इंडेक्स. ‘उलट सूची’ बरोबर आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
दादा, तुमची युक्ती चांगली आहे, पण ती वेगळी. तुम्ही अक्षरं उलटी केलीत, इंडेक्स बी-ट्रीचा, म्हणजे झाडाचाच राहिला. झाडात किल्ल्या क्रमानं लावलेल्या असतात, त्यामुळे सुरुवात माहीत असेल तरच नेमक्या फांदीवर उतरता येतं. शेवट माहीत असेल तर शेवटालाच सुरुवात करायची, एवढंच तुम्ही केलंत. पोस्टग्रेसमध्ये `reverse(gadi_no)` वर `text_pattern_ops` लावून झाड केलं की `LIKE '1234%'` त्यावरून चालतं. ताईंच्या शेऱ्यात हवा तो शब्द मधेच कुठंतरी असतो, तिथं हे उपयोगी नाही.

ताई, तीन शेरे घ्या :

१ : आडसाली लागण, ऊस लोळला
२ : खोडवा, उसाला तुरा
३ : आडसाली लागण, तुरा

शेऱ्याच्या रकान्यावर झाड केलं तर त्यात तीनच नोंदी होतील, कारण अख्खा शेरा ही एक किल्ली. क्रम लागेल १, ३, २. ‘आडसाली’पासून सुरू होणारे शेजारी शेजारी आले, ते पटकन मिळतील. पण ‘तुरा’ असलेले कुठले, हे त्या क्रमावरून कळत नाही. `LIKE '%तुरा%'` दिलं की डेटाबेस एकेक शेरा वाचत बसतो.

इन्व्हर्टेडमध्ये शेरा आधी शब्दांत मोडतात. मग प्रत्येक शब्दापुढे ओळींची यादी :

आडसाली → १, ३
उसाला → २
ऊस → १
खोडवा → २
तुरा → २, ३
लागण → १, ३
लोळला → १

तीन ओळींच्या सात किल्ल्या झाल्या. ‘आडसाली’ आणि ‘तुरा’ दोन्ही हवेत? पहिल्याची यादी १, ३. दुसऱ्याची २, ३. दोन्हींत सामाईक ३. मूळ शेरे चाळायची गरजच पडली नाही.

ग्रंथपाल (वाई)
म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते ती शब्दसूची! शब्द, पुढे पानांचे आकडे. पुढची अनुक्रमणिका प्रकरणावरून मजकुराकडे नेते, ही शब्दावरून पानाकडे. ‘शब्दसूची’ लिहा, सगळ्यांना कळेल.

घाटमाथा (सातारा)
‘शब्दसूची’ आवडलं, पण एक पटत नाही. गटनंबरचं झाडसुद्धा गटनंबरावरून ओळीकडेच नेतं ना? मग तेही उलटच झालं. माझ्या मते खरा फरक रचनेचा आहे : एकात झाड असतं, दुसऱ्यात नुसत्या याद्या.

कृष्णाकाठ
पहिला मुद्दा रास्त आहे. ‘उलट’ हे नाव झाडाच्या तुलनेत पडलेलं नाही. मजकूर साठवताना साहजिक क्रम ‘ओळ, मग तिच्यातले शब्द’ असा. तो फिरवून ‘शब्द, मग त्याच्या ओळी’ केला, म्हणून उलट.

दुसरा मुद्दा मात्र निम्माच बरोबर. पोस्टग्रेसमधल्या इन्व्हर्टेड इंडेक्सचं नाव GIN, त्यात त्या शब्द-किल्ल्या झाडातच लावलेल्या असतात. एखाद्या शब्दाची यादी फार लांबली, तर त्या यादीचंही वेगळं झाड करतात. खरा फरक असा, की नेहमीच्या झाडात एका ओळीची एकच किल्ली, इथं एका ओळीच्या अनेक. बाकीचे गुणदोष त्यातूनच येतात. वीस वेगळ्या शब्दांचा एक शेरा घातला की वीस ठिकाणी हात लावावा लागतो, म्हणून लिहिणं महाग. ते टाळायला GIN नव्या नोंदी आधी एका प्रलंबित यादीत टाकतं आणि नंतर एकदम मुरवतं. गळीत हंगामात नोंदींचा लोंढा असताना शोध मधेच रेंगाळला, तर ही यादी फुगलीय का ते आधी बघा. शिवाय याद्या ओळींच्या जागेनुसार लागलेल्या असतात, तारखेनुसार नाही. ‘नोव्हेंबरातल्या लागणी, जुन्या आधी’ हे काम तारखेच्या झाडाचंच.

ऊसनोंद
आता मला माझी खरी अडचण कळली. ‘ऊस’ शोधला तर ‘उसाला’ लिहिलेला शेरा येत नाही. मला वाटायचं इंडेक्स बिघडलाय.

कृष्णाकाठ
बिघडलेला नाही. वरच्या यादीत त्या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत बघा. इंग्रजीसाठी पोस्टग्रेसकडे शब्द मुळावर आणणारे नियम आहेत, मराठीसाठी तयार मिळत नाहीत. म्हणून `simple` वापरतात आणि ते शब्द लिहिला तसाच ठेवतं. किल्ल्या झाडात असल्यामुळे `तोडणी:*` असा सुरुवातीवरून शोध चालतो. ‘तोडणीला’, ‘तोडणीची’ सगळे येतात. पण ‘ऊस’चं सामान्यरूप ‘उसा’, पहिलंच अक्षर बदललं! तिथं `ऊस:*` कितीही द्या, ‘उसाला’ येणार नाही. दोन्ही रूपं द्यावी लागतात :

```sql
CREATE INDEX shera_gin ON plot
USING gin (to_tsvector('simple', shera));

EXPLAIN SELECT * FROM plot
WHERE to_tsvector('simple', shera)
   @@ to_tsquery('simple', '(ऊस:* | उसा:*) & तुरा');
```

उत्तरात `Bitmap Index Scan on shera_gin` दिसलं तर इंडेक्स वापरलाय. `Seq Scan` दिसलं तर शोधात `'simple'` लिहायचं राहिलंय का बघा. इंडेक्समधलं वाक्य आणि शोधातलं वाक्य तंतोतंत जुळावं लागतं. टेबलात मोजक्याच ओळी असतील तर मात्र `Seq Scan` आलेलं चालतं, कारण तेच स्वस्त पडतं.

काटेवाला
मग ‘पोते’साठी `पोत:*` दिलं तर ‘पोत्यात’, ‘पोत्यांची’ सगळं येईल?

कृष्णाकाठ
येईल, दादा. सोबत गावातले सगळे पोतदारही येतील.

ग्रंथपाल
फूल-फुलांचा, मूळ-मुळाला, दूध-दुधाचं यांचीही ऊस-उसासारखीच गत होणार. आमच्या सूचीत आम्ही सगळी रूपं मूळ शब्दाखाली घेतो. तुमच्याकडेही साठवतानाच ‘उसाला’ची नोंद ‘ऊस’खाली करता येणार नाही का?

कृष्णाकाठ
येईल. समानार्थी शब्दांची फाइल जोडून ‘उसाला’, ‘उसाचा’, ‘उसात’ हे सगळे ‘ऊस’वर नेता येतात. शेतकी विभागाचे नेहमीचे शब्द तसे मर्यादित आहेत, तेवढ्यांसाठी हाच रस्ता मला पटतो. पण फाइल बदलली की जुने शेरे आपोआप बदलत नाहीत, इंडेक्स पुन्हा बांधावा लागतो. आणि सगळ्या मराठीसाठी अशी फाइल करायची तर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं धरून ती किती लांबेल, याचा अंदाज मलाही नाही.

घाटमाथा
नावावर माझा आक्षेप उरतोच. हा प्रकार शब्दांपुरता नाही. एका रकान्यात अनेक मूल्यांची यादी असेल, समजा एका प्लॉटला दिलेली सगळी खतं, तर तिथंही GIN चालतं. तिथं ‘शब्दसूची’ कसं म्हणणार?

ग्रंथपाल
‘घटकसूची’?

ऊसनोंद
माझ्या पुस्तिकेत शेरेच आहेत, म्हणून तूर्त ‘शब्दसूची’ लिहितेय आणि पहिल्या उल्लेखाला ‘इन्व्हर्टेड इंडेक्स’ देवनागरीत जोडते. कृष्णाकाठ सर, ‘उसाला’च्या फाइलसाठी उद्या चिटबॉयांच्या वह्यांतून शब्द काढायला बसतेय. ‘लागण’ला आमच्याकडे काही जण ‘लावण’ लिहितात, तेही त्याच फाइलीत घालू ना?

कृष्णाकाठ
घाला. ‘लावणी’ मात्र वेगळी तपासा. आमच्या भागात ती भाताचीही असते.