अण्णा, आधी रात्रीच्या नर्सचं विचारा

"लेकीच्या घरी कायमचं राहणं बरं दिसत नाही, मी त्या सिनियर होममध्येच जातो."

अण्णा, लोकांचं सोडा, तुमच्या शुगरचं बघा. इथं लातूरला आम्ही दोघं सकाळी ड्युटीवर गेलो की संध्याकाळपर्यंत घरी कुणीच नसतंय, अन् इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला, शुगर 70 च्या खाली आली, हात थरथरायले तर 3 चमचे साखर पाण्यात घालून द्यायला अन् 15 मिनिटानं परत तपासायला माणूस पाहिजे ना. ते होममध्ये होईल, पण रात्री नर्स असते का नुसता वॉचमन ते विचारा. बऱ्याच ठिकाणी चालता-फिरता माणूसच ठेवून घेतात, म्हणून अंथरुण धरल्यावर काय करणार अन् डिपॉझिट किती परत देणार हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. माझं मन विचाराल तर तुम्ही इथंच या, दिवसभरासाठी बाई ठेवू. तरी जायचंच असलं तर डिपॉझिट भरायच्या आधी महिनाभर राहून बघा.