मदत हवी आहे: मुख्याध्यापकांच्या सेवापूर्ती समारंभाचं सूत्रसंचालन

सायली_गुरुजन: शनिवारी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांचा सेवापूर्ती समारंभ आहे. जन्मतारीख १ जून, म्हणजे निवृत्ती ३१ मेला. तेव्हा शाळेला सुट्टी, पोरं मामाच्या गावाला. म्हणून एप्रिलमध्येच उरकतोय. सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलंय.

बोलणाऱ्यांचा क्रम असा: प्रास्ताविक, सातवीतली एक मुलगी, माजी विद्यार्थी (गावातच ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे), केंद्रप्रमुख, सरांच्या पत्नी, मग सर, शेवटी अध्यक्ष म्हणून गटशिक्षणाधिकारी. मला सुरुवात आणि दोन वक्त्यांच्या मधल्या ओळी हव्या आहेत. नेटवरच्या चारोळ्या कुणालाही लागू पडतील अशा आहेत.

रानवारा: प्रत्येक वक्त्याआधी एक चारोळी टाकाच. टाळ्या हमखास. आणि पाहुण्यांपैकी कुणाला लवकर निघायचंय का, ते आधीच विचारून घ्या.

जुना_फळा: दुसरी सूचना सोन्यासारखी. पहिली नको. सात वक्ते, सात चारोळ्या म्हटल्यावर तिसऱ्यापासून लोक मोबाईल काढतात. फार तर एक ठेवा, सरांना बोलावताना.

सुरुवातीला 'आजचा दिवस सोनियाचा' वगैरे नको. शाळेतली दिसणारी एखादी गोष्ट घ्या. नमुना:

"नमस्कार. परिपाठाला सर व्हरांड्यात उभे राहिले की रांगा आपोआप सरळ व्हायच्या. आज रांगा आम्ही केल्यात, आणि सर पहिल्यांदाच समोर खुर्चीत बसलेत. त्यांच्या सेवापूर्तीच्या या समारंभात आपलं सर्वांचं स्वागत."

तुमचे सर दारात उभे राहत असतील तर दार म्हणा. जे खरं असेल तेच.

मधल्या ओळीचे दोन भाग करा. पुढच्या वक्त्याची ओळख घरून लिहून न्या. मागच्याच्या भाषणातला धागा मात्र तिथेच पकडायचा, म्हणून कार्डाचा वरचा अर्धा भाग कोरा ठेवा आणि ऐकताना एकच शब्द टिपा. समजा मुलगी म्हणाली की सर पाढे चुकले तरी रागवत नसत. मग:

"आत्ता पाढ्यांचा विषय निघाला. त्याच वर्गात पाढे म्हटलेले एक विद्यार्थी आज गावातले ट्रॅक्टर चालते ठेवतात. मी त्यांना दोन शब्द बोलायला बोलावते."

मागच्या भाषणाचा सारांश सांगू नका आणि 'किती सुंदर बोलल्या' असं प्रत्येकाला म्हणू नका. एखाद्याला म्हणायचं राहिलं की तो रुसतो. नाव आणि हुद्दा सगळ्यात शेवटी घ्या. नाव उच्चारलं की टाळ्या सुरू होतात, त्यानंतरचं काही ऐकू येत नाही.

सरांच्या पत्नींना बोलावताना 'यशामागे स्त्री' टाळा. एवढं पुरे: "शाळेतले सर आपण पाहिले. शाळा सुटल्यावरचे सर ज्यांनी पाहिले, त्या आता बोलतील." पण त्यांना बोलायचंय का, हे आदल्या दिवशी विचारा. ऐनवेळी माईक पुढे केला की बऱ्याच जणी नुसत्या रडतात.

कोकणकडा: आमच्या बँकेत साहेबांची बदली झालीय, त्यांच्या निरोपालाही हे चालेल का? शाल-श्रीफळ द्यायचं की नुसता पुष्पगुच्छ?

जुना_फळा: बदलीला पुष्पगुच्छ पुरे, पण तुमच्याकडची रीत बघा. 'आयुष्याची दुसरी इनिंग' तेवढं म्हणू नका, साहेब अजून नोकरीत आहेत.

सायली_गुरुजन: खूप आभार! रानवारा यांचं ऐकून फोन केला, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना साडेबाराला दुसरीकडे बैठक आहे. आम्ही साडेदहाला सुरू करतोय. अध्यक्षीय भाषण सरांच्या आधी घेतलं तर चालेल?

रानवारा: घ्या बिनधास्त. लोक सरांसाठी येतात.

जुना_फळा: अध्यक्ष बोलल्यावर सभा संपली असंच धरतात, निम्मी माणसं चपला शोधायला लागतात. माझ्या मते त्यांना प्रमुख पाहुणे करा, केंद्रप्रमुखांनंतर लगेच बोलू द्या आणि अध्यक्षपद शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना द्या. तेव्हा ओळ अशी: "साहेबांना पुढच्या बैठकीला जायचं आहे, म्हणून त्यांचं मनोगत आपण आत्ताच ऐकू या." कारण उघड सांगितलं की कुजबुज होत नाही.

माळरान: पत्रिकेत अध्यक्ष म्हणून नाव छापलं असेल तर? साहेब दुखावतील. त्यापेक्षा दीपप्रज्वलनानंतर लगेच सत्कार उरका, केंद्रप्रमुखांना तीन मिनिटं द्या आणि क्रम तोच ठेवा.

जुना_फळा: केंद्रप्रमुखांना तीन मिनिटं देणारा अजून जन्मायचाय. छापलं असेल तर साहेबांनाच फोन करून विचारा, बाकी माझा आग्रह नाही.

सायली_गुरुजन: पत्रिका छापून आली आहे. संध्याकाळी साहेबांना फोन करते. तोवर सरांना बोलावण्याआधीच्या त्या एका चारोळीसाठी काही सुचतंय का? सरांचा विषय गणित, आणि त्यांना स्तुती अजिबात खपत नाही.