मदत हवी आहे: बंगालीतला 'ओ' इंग्रजीत कसा आणू?

एका बंगाली मुलाखतीची इंग्रजी सबटायटल्स करतेय. बोलणारी बाई जोडीदाराबद्दल फार मायेने बोलते, पण पूर्ण मुलाखतीत फक्त 'ओ', 'ओर', 'ओके'. बंगालीत यातून तो की ती काहीच कळत नाही, आणि क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही. नाव एकदाही नाही, 'मोनेर मानुष' म्हणते तेही दोघांना चालतं. तिला विचारायची सोय नाही आणि मला अंदाजाने इंग्रजी 'ही' किंवा 'शी' टाकायचं नाहीये.

अडलंय ते वाक्य: 'ओर हातेर चा ना खेले आमार शकाल होय ना', म्हणजे त्या हातचा चहा घेतल्याशिवाय माझी सकाळच होत नाही. 'देअर टी' केलं, तर आधीच्या वाक्यात आईबाबा आहेत, चहा त्यांचाच वाटतो. 'माय पार्टनर्स टी' एकदा ठीक, पण दर वाक्यात आलं की फॉर्म भरल्यासारखं वाटतं. सर्वनामच काढून 'दॅट मॉर्निंग टी' केलं तर तो हात जातो, आणि माया तर त्या हातातच आहे ना. शिवाय तिने आदराचं 'तिनि' न वापरता जवळचं 'ओ' वापरलंय, तेही हरवतं.

तळटीप देता येत नाही, ओळीला 42 अक्षरं. सुरुवातीला एकदा 'माय लव्ह' म्हणून पुढे एकवचनी 'दे' चालवलं तर आईबाबांच्या वाक्यापाशी गोंधळ न होता ते कसं बसवाल?