४८ तास झाले की पीआर, म्हणजे खरेदीची मागणी, आपोआप मंजूर धरावी का?

स्टोअरवाला: आमच्याकडे ५० हजारांपर्यंत विभागप्रमुख, २ लाखांपर्यंत प्लांट हेड, त्याच्यावर डायरेक्टर. गणपतीच्या आदल्या शनिवारी सीएनसीचा स्पिंडल बेअरिंग सेट गेला. १,८४,००० ची पीआर, प्लांट हेड गावी. पाच दिवस पीआर त्यांच्याच नावावर आणि मशीन ताडपत्रीखाली. मी म्हणतो, ४८ तासांत उत्तर आलं नाही तर मंजूर धरा. चुकतंय का?

हिशेबवाली: चुकतंय. उत्तर न येणं म्हणजे होकार, हे एकदा मान्य केलं की लोक साहेबांच्या रजेची वाट बघून पीआर टाकतील. उद्या ऑडिटरनं विचारलं, "मंजुरी कोणाची?" तर काय सांगू, घड्याळाची?

रात्रपाळी: ऑडिटर वर्षातून दोनदा येतो, मशीन रोज लागतं. मॅडम एकदा शॉप फ्लोअरवर येऊन उभ्या राहा.

पुरवठादार_भोसरी: अगदी बरोबर! माझी तीन बिलं चार महिने मंजुरीत अडकली आहेत. फोन केला की "साहेब रजेवर". असा नियम हवाच.

हिशेबवाली: दादा, तुमचा माल पोचलाय, पैसे राहिलेत. इथे अजून पीओच, म्हणजे खरेदीची ऑर्डरच, निघालेली नाही. दुखणं वेगळं आहे.

जुना_ईआरपीवाला: मालक, आधी एक सांगा. साहेबांनी रजेवर जाताना बदली माणूस लावला होता का? कोणत्या वेळेपासून? आणि स्मरणपत्रं कोणाला गेली?

स्टोअरवाला: लावला होता, मेंटेनन्स हेडना. सोमवार सकाळपासून. पीआर शनिवारी संध्याकाळी पाचला गेली. दोन स्मरणपत्रं गेली, दोन्ही साहेबांनाच.

जुना_ईआरपीवाला: मग ४८ तासांचा नियम असता तरी मूळ बिघाड झाकलाच गेला असता. शनिवारी पीआर साहेबांच्या नावावर पडली, बदली सोमवारी सुरू झाली. ओरॅकलच्या व्हेकेशन रूलमध्ये रूल लागू झाल्यावर येणारं तेवढंच वळतं, आधी येऊन पडलेलं हातानं सोपवावं लागतं. सॅपच्या इनबॉक्समध्ये बदली माणसाला जुनंही दिसतं. तुमची सिस्टीम यातली कोणत्या वळणाची आहे, ते एक खोटी पीआर टाकून टेस्टमध्ये बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं, स्मरणपत्र म्हणजे एस्कलेशन नव्हे. जो वाचत नाही त्यालाच पुन्हा मेल गेली. ठरावीक कामाचे तास उलटले की पीआर वरच्या पायरीवर, म्हणजे तुमच्याकडे डायरेक्टरकडे, दिसली पाहिजे आणि त्यांना ती मंजूर करता आली पाहिजे. त्यांची मर्यादा मोठी आहे, त्यामुळे नियमही मोडत नाही. पीआर सरकते, पण होकार माणसाचाच राहतो. मात्र घड्याळ रविवारी नि सुट्टीत थांबतं का, तेही बघा. तुमच्या गणपतीत ४८ तासांचे चार-पाच दिवस सहज होतील.

रात्रपाळी: आणि बदली माणसाची स्वतःची मर्यादा ५० हजार. त्याला २ लाखांची सही कशी देता? त्याच्या मर्यादेपुरतीच द्या.

जुना_ईआरपीवाला: मग बदली कशाला लावायची? ५० हजारांपर्यंत तो तसाही करतोच. बदली म्हणजे साहेबांची मर्यादा, तारखेच्या चौकटीत आणि "अमुकच्या वतीने" अशी नोंद राहून. काळजी दुसरीच घ्यायची. ही पीआर टाकली कोणी?

स्टोअरवाला: ...मेंटेनन्स हेडनीच.

हिशेबवाली: 😀 घ्या! म्हणजे ती वेळेत वळली असती तर त्यांनीच टाकली आणि त्यांनीच मंजूर केली, असं झालं असतं. स्वतःची पीआर बदली म्हणूनही स्वतःला मंजूर करता येऊ नये, तिनं थेट वर जावं, ही अट सिस्टीममध्येच हवी.

रात्रपाळी: इतक्या अटी घातल्या की लोक काय करतात ते सांगतो. आमच्याकडे २ लाख ४० हजारांच्या पंपाच्या दोन पीआर झाल्या, १ लाख २० हजारांच्या. एकच पुरवठादार, एकच दिवस. मीच टाकल्या. रागवा.

हिशेबवाली: रागावत नाही, मी त्याच शोधते. एकच खर्चखातं, एकच पुरवठादार, आठवड्याच्या आत, आणि बेरीज मर्यादेच्या वर. सरकारी खरेदीत तर वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करायला केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतच मनाई आहे. पण तुमची अडचण खरी आहे. मशीन बंद असेल तर फोनवर तोंडी मंजुरी, लगेच पीओ, आणि दुसऱ्या कामाच्या दिवशी सिस्टीममध्ये सही. ही वाट मला चालेल, महिन्याला मोजकीच प्रकरणं असतील तर.

रात्रपाळी: मोजकी म्हणजे किती? मशीन तुम्हाला विचारून बंद पडत नाही.

स्टोअरवाला: आज डायरेक्टरांना वर पाठवायचं विचारलं. म्हणाले, "चालेल, पण ५० हजारांच्या किरकोळ पीआर माझ्यापर्यंत येऊ देऊ नका." आता त्या कुठे सरकवायच्या? प्लांट हेडांकडे, जे पुन्हा दिवाळीत गावी जाणार आहेत?