चार्जर लावताच फोन रिस्टार्ट: थेट बॅटरी बदलावी की आधी पोर्ट तपासावा?

कोकणी_मेवा: टाइप-सी फोन, साडेतीन वर्षं जुना. चार्जर लावला की बंद पडतो, लोगो येतो, चालू होतो, परत बंद. चार्जर काढला की नीट चालतो. दुकानदार बॅटरी बदला म्हणतोय. बदलू का?

वायरवाला: बदलून टाका. बॅटरी आतून कमजोर झाली की करंट आत शिरताच तिचं व्होल्टेज उसळतं. फोन चार्जिंग तोडतो, मग व्होल्टेज धाडकन पडतं आणि फोन बंद. साडेतीन वर्षं झाली म्हणजे तेच.

सोल्डरसई: घाई करू नका. गेलेली बॅटरी सहसा चार्जर नसतानाही दगा देते, आणि यांचा फोन एरवी ठणठणीत आहे. आधी दुसरा चार्जर केबलसकट लावा, साधा 5 व्होल्ट 2 अँपिअरचा. तरी तेच झालं तर फोन बंद करून टॉर्चने पोर्टमध्ये बघा. मधल्या जिभेवर हिरवट थर दिसला तर ओल गेली आहे. कचरा लाकडी टूथपिकने काढा. सुई घालू नका, पिना वाकतात. आणि मागचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे, मग चार्जिंग पूर्ण बंद.

भटक्या७७: माझा फोन कॅमेरा उघडला की 30 टक्क्यांवर बंद पडतो, चार्जरवर मात्र छान चालतो. पोर्टच गेला असेल ना?

सोल्डरसई: तुमचं नेमकं उलटं आहे. चार्जर लावला की भार तो उचलतो. तुमची बॅटरीच गेली आहे.

वायरवाला: पोर्ट शॉर्ट असता तर चार्जरने सप्लायच तोडला असता.

सोल्डरसई: पूर्ण शॉर्ट असेल तर. ओलीने थोडीच गळती होत असेल तर चार्जिंग लागत-तुटत राहतं. मध्ये यूएसबी मीटर लावा आणि बंद फोन चार्ज करा. व्होल्टेज साडेचारच्या खाली गेलं तर चार्जर, केबल किंवा पोर्ट. व्होल्टेज पाचाला स्थिर आणि करंट मात्र वरखाली, तर दोष फोनच्या आत.

कोकणी_मेवा: दुसऱ्या चार्जरवर पाहिलं. पोर्ट स्वच्छ आहे. व्होल्टेज 5.1 ला स्थिर. करंट 1 अँपिअरपर्यंत जातो, चार-पाच सेकंदांनी शून्य, पुन्हा तेच.

वायरवाला: झालं, बॅटरी.

सोल्डरसई: किंवा चार्जिंग आयसी. दोन्हीत मीटर असंच नाचतं. दुकानात चांगली बॅटरी न चिकटवता नुसती जोडून चार्जर लावायला सांगा. करंट टिकला तरच पैसे द्या. नाचतच राहिला तर बॅटरी काढून मल्टिमीटर बीपवर ठेवून चार्जिंग लाइन आणि ग्राउंड तपासायला लावा. बीप वाजला तर चार्जिंग बोर्डची पट्टी सोडवून मदरबोर्डवर तीच लाइन पुन्हा बघायची. आवाज थांबला तर नुसता चार्जिंग बोर्ड बदलून भागतं.

वायरवाला: एवढी तपासणी करून देणारं दुकान सापडेल का? बॅटरी जुनी आहेच, कधीतरी बदलावी लागणारच.

सोल्डरसई: आयसी गेला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे पाण्यात जातील. जोडून बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत.