वाळूज की बुटीबोरी? वेटेज हललं की गाव बदलतं

मोटरपंपवाला (पुणे): आमचा मोटरपंपांच्या सुट्या भागांचा धंदा. महिन्याला २ कंटेनर न्हावा शेवाला उतरतात, विक्री मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यात. १२,००० चौरस फुटांचं गोदाम भाड्याने घ्यायचंय. प्रत्येक गावाला १० पैकी गुण दिले, कंसात वेटेज:

| मुद्दा | भिवंडी | वाळूज | बुटीबोरी |
|---|---|---|---|
| बंदराहून माल आणणं (२०) | ९ | ६ | ३ |
| डीलरपर्यंत पोहोच (३०) | ४ | ७ | ८ |
| भाडं (२५) | ३ | ७ | ८ |
| हमाल, कामगार (१५) | ८ | ७ | ६ |
| तयार गोदाम (१०) | ९ | ६ | ६ |
| एकूण | ५.८५ | ६.७० | ६.५० |

वाळूज पहिलं आलं. पण माझा भागीदार म्हणतो बंदराला १० कर, डीलरला ४०. तसं केलं की बुटीबोरी ७.००, वाळूज ६.८०. मग या तक्त्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

रोखठोक: ठेवूच नका. गुणबिण हा कॉलेजातला खेळ आहे. भाडं रुपयात, ट्रक रुपयात, हमाली रुपयात. तिन्ही गावांची बेरीज करा, कमी येईल तिथे जा. ६.७० आणि ६.५० मधला फरक तुमच्या बँकेत जमा होतो का?

जुना डिस्पॅचवाला: रोखठोकांचं अर्धं पटतं, त्याकडे नंतर येतो. आधी भागीदाराच्या मुद्द्याचं बघू, कारण त्याने तुमचा तक्ता खोटा ठरवलेला नाही, त्यातली नाजूक जागा दाखवली आहे.

वाळूज बंदराच्या रांगेत बुटीबोरीपेक्षा ३ गुण पुढे आहे, डीलरच्या रांगेत १ गुण मागे. म्हणजे बंदराकडून डीलरकडे एक टक्का वेटेज सरकवला की वाळूजची आघाडी ०.०४ ने घटते. आघाडी आहेच मुळी ०.२० ची. ५ टक्के सरकले, बंदर १५ आणि डीलर ३५ झाले, की दोन्ही गावं ६.७५ वर बरोबरीत. त्यापुढे बुटीबोरी. २० आणि १५ मधला फरक तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल का? मी तरी नाही. तेव्हा ही दोन गावं सध्या बरोबरीत आहेत असंच धरा.

भिवंडीचं तसं नाही. तिला वर आणायला भाड्याचे १३ टक्के काढून बंदराला द्यावे लागतात, भाडं १२ आणि बंदर ३३. तेव्हा कुठे ती ६.६३ वर जाते आणि वाळूज ६.५७ वर राहतं. तुमच्यासारख्या भाडेकरूने भाड्याला १२ देणं म्हणजे गाव आधी ठरवून वेटेज मागून बसवणं.

भिवंडीकर: गाव आधी ठरवलं तरी काय बिघडलं? इथे गोदामं उगाच नाही झाली. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवायचा म्हणून लोक आले. आता जकात गेली, जीएसटी आला, तरी ट्रक इथूनच भरतात. रात्री अकराला गाडी पाहिजे म्हटलं तरी मिळते. वाळूजला मिळेल? हे तक्त्यात कुठल्या रांगेत लिहिलंय तुम्ही?

मोटरपंपवाला: लिहिलेलंच नाही, खरंय. पण आमचा माल सकाळी निघाला तरी चालतो.

शिरूरचा प्लॉट: माझी हायवेला लागून २ एकर आहे, एनए झालेली. गोदाम बांधून दिलं तर तुमच्या शीटमध्ये किती गुण बसतील?

जुना डिस्पॅचवाला: दादा, हे भाडेकरूचं शीट आहे, मालकाचं नाही. पण एनएवरून आठवलं. एनए, फायर एनओसी, ४० फुटी कंटेनर वळायला जागा, पावसाळ्यात पाणी शिरणं, हे गुण देण्याचे विषयच नव्हेत. असेल तर गोदाम यादीत, नसेल तर बाहेर. मागे एका मालकाकडे आम्ही स्वस्त भाड्याला ९ गुण दिले, फायर एनओसी नव्हती तिथे ३. बेरजेत ते पहिलं आलं आणि विमा कंपनीने नाही म्हणून सांगितलं. चांगल्या गुणांनी वाईट गुण भरून निघतात, हाच या पद्धतीचा दोष.

आता रोखठोकांचं. रुपये वापरायचेच, पण गुण फेकून नव्हे, वेटेज तपासायला. मोटरपंपवाले, तुमची कोटेशनं काय आहेत?

मोटरपंपवाला: भाडं चौरस फुटाला भिवंडी २२, वाळूज १८, बुटीबोरी १७ रुपये. कंटेनर बुटीबोरीला न्यायला वाळूजपेक्षा ३०,००० जास्त.

जुना डिस्पॅचवाला: मग हिशोब उघड आहे. वाळूज आणि बुटीबोरीत भाड्याचा फरक १ रुपया, म्हणजे महिन्याला १२,०००. तिथे तुम्ही १ गुणाचा फरक दिलात. भिवंडीशी ४ रुपयांचा फरक, ४ गुण. म्हणजे भाड्याची रांग नीट आहे, एक गुण १२,००० चा. बंदराच्या रांगेत २ कंटेनरचे ६०,००० जास्त आणि ३ गुणांचा फरक, म्हणजे एक गुण २०,००० चा. तरी तुम्ही १२,००० वाल्या गुणाला वेटेज २५ दिलंत आणि २०,००० वाल्याला २०. भाडं २५ ठेवलंत तर बंदराला ४२ च्या आसपास यायला हवं. एकूण १०० च ठेवायचे तर या दोघांच्या ४५ ची वाटणी बंदर २८, भाडं १७ अशी करा. वाळूज ६.६२, बुटीबोरी ६.१०. आघाडी अडीच पट झाली.

रोखठोक: शेवटी रुपयांवरच आलात ना!

वर्धेकर: थांबा. या हिशोबात डीलरची रांग कुठे आहे? मी डीलर आहे, म्हणून सांगते. रब्बीत शेतकऱ्याची मोटर जळते तेव्हा त्याला सुटा भाग आजच हवा असतो. बुटीबोरीहून दुपारपर्यंत आला तर मी तुमचा विकते, वाळूजहून दुसऱ्या दिवशी येणार असेल तर शेजारच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा जातो. ते बिल तुमच्या वहीत येतच नाही. भागीदार ४० म्हणतो ते वेडेपणाचं नाही. आणि समृद्धीचं सांगू नका. २०२५ मध्ये तो पूर्ण झाला आणि बंदराचा माल दोन्हीकडे लवकर यायला लागला, पण वाळूजहून माझ्या दुकानाचं अंतर तेवढंच आहे.

जुना डिस्पॅचवाला: ताई, हे खरं आहे आणि माझ्या हिशोबातली पोकळीही हीच. गेल्या वर्षीच्या बिल्ट्या काढून तातडीच्या किती, त्यात विदर्भाच्या किती, हे मोजता येईल. पण न आलेली ऑर्डर बिल्टीत दिसत नाही. माझं मत अजून वाळूजकडे, पण तुमच्या दुकानात बसून बघितलं असतं तर कदाचित डगमगलो असतो.

मोटरपंपवाला: भागीदाराला ४० कुठून आले विचारलं. म्हणाला, "अंदाजे." मी ३० कुठून आणले विचारशील तर मीही तेच म्हणेन. दोन वर्षांच्या बिल्ट्या पुण्याच्या ऑफिसात पोत्यात आहेत, रविवारी उघडतो. वर्धेकरताई, तुमच्याकडून गेल्या रब्बीत परत गेलेल्या गिऱ्हाइकांचा आकडा मिळेल का?

वर्धेकर: आकडा नाही, पण एक वही आहे. नावं पुसून पाठवते.