प्रतिसाद: ट्रेडच्या डायरीत फी आणि मनःस्थिती कधी लिहायची?

> "एन्ट्रीचं कारण, स्क्रीनशॉट, फी, मूड... प्रत्येक ट्रेडला एवढं लिहायचं कशाला ओ?"

मी खानापुरात दुकान सांभाळत इंट्राडे करतोय. एन्ट्रीचं कारण नि मूड ऑर्डर टाकायच्या आधीच लिहा, नंतर लिहिलं की निकाल बघून मन गोष्ट बदलतंय बघा. स्क्रीनशॉटपण तेव्हाचाच.

फी मात्र संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट बघून. माझा एक ट्रेड: २०० शेअर ३१० ला घेतले, ३१०.४० ला विकले, स्क्रीनवर ८० नफा. ब्रोकर ऑर्डरमागे २० घेतो, दोन ऑर्डरी नि १८ टक्के जीएसटी धरून ४७.२०, एसटीटी १६, वर स्टॅम्प ड्युटी, एक्स्चेंज चार्ज. हातात दहाएक रुपये. मूडच्या रकान्यात लिहिलेलं, "मघाचा लॉस काढायचाय". कारणाचा रकाना रिकामाच होता.